पाइप एकदाच घ्यायचा, वीज मात्र वीस वर्षे!



साखरखेर्डा गावाच्या नावातच साखर आहे. पण उसाला लागणारे पाणी या शिवारात आपसूक येत नाही. खालच्या अंगाला काळी जमीन आणि विहीर, वरच्या अंगाला मुरमाड माळ, अशी इथली चढउताराची रचना. पाणी खाली आणि ऊस वर. मग मोटार बसवायची, चर खणायचा आणि पाइपलाइन टाकायची.

पाइपलाइनचा विषय निघाला की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला : "नगाला काय भाव?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. पाइपचे पैसे आपण एकदा मोजतो. त्या पाइपातून पाणी ढकलायला लागणाऱ्या विजेचे पैसे पुढे वीस वर्षे मोजतो. पाइप बारीक घेतला तर पहिला खर्च कमी आणि वीज जास्त. पाइप जाड घेतला तर पहिला खर्च जास्त आणि वीज कमी. या दोहोंची बेरीज जिथे सर्वांत कमी येते तोच पाइप खरा स्वस्त. ही बेरीज कशी करायची ते या लेखात एका उदाहरणावरून पाहू. हिशेब शाळेतल्या गुणाकार-बेरजेइतकाच आहे.

दुसऱ्याच्या ठेचेवरून

विजेचा खर्च आधी न धरल्याने काय होते ते सांगली जिल्ह्याने मोठ्या प्रमाणावर पाहिले. कृष्णेचे पाणी दुष्काळी पट्ट्यात चढवण्यासाठी ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजना झाल्या. पंपगृहे उभी राहिली, पाइपलाइन झाली, कालवे झाले. पण बिलाची थकबाकी वाढली की पंप बंद राहू लागले. शिवारात पिके वाळत आणि नदीकाठी पंप उभे. शेवटी अशा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने उचलावा आणि १९ टक्के लाभधारकांनी भरावा, असा तोडगा निघाला. तिथे उपसाच प्रचंड उंचीचा आहे, त्यामुळे सगळा दोष पाइपचा नव्हे. पण धडा आपल्यालाही लागू आहे : योजना बांधणे वेगळे आणि ती दरसाल चालवणे वेगळे. आपल्या विहिरीवरच्या लाइनीचे ८१ टक्के बिल भरायला कोणी येणार नाही.

उदाहरण : तीन भाऊ, नऊ एकर ऊस

समजा, आपल्या शिवारात तीन भावांचा मिळून नऊ एकर ऊस आहे. विहीर खालच्या अंगाला. पाणी जमिनीपासून १० मीटर खाली. शेताचा माथा विहिरीच्या तोंडापासून १४ मीटर उंच. म्हणजे पाणी प्रत्यक्ष उचलायचे २४ मीटर, सुमारे ऐंशी फूट. फूटवॉल्व्ह, एल्बो, चेकवॉल्व्ह यांचे मिळून २ मीटर धरू. झाले २६ मीटर. विहिरीपासून शेतापर्यंत लाइन १,००० मीटर, म्हणजे सहा मीटरचे सुमारे १६७ नग.

पाणी हवे सेकंदाला १० लिटर. दिवसाला आठ तास वीज धरली आणि वर्षात सुमारे १,५०० तास मोटार चालली, तर ५ कोटी ४० लाख लिटर पाणी निघते. नऊ एकरांवर पसरले तर ते दीड मीटरच्या आसपास भरते. पावसाचे पाणी सोडून पाटाने भिजवलेल्या उसाला एवढे धरायला हरकत नाही.

आता घरात वाद सुरू होतो. थोरले म्हणतात, "११० ची लाइन पुरे. गावात सगळ्यांची तीच हाय." मधले म्हणतात, "९० ची टाकू दादा, साठ हजार वाचतात. मोटार जरा मोठी घेऊ." धाकटा म्हणतो, "एवढा चर खणतोच आहोत तर १६० चीच टाकू, एकदाची कटकट मिटंल." तिघांच्याही बोलण्यात काही तथ्य आहे. म्हणून तिघांचेही हिशेबाला घेऊ.

पाणी पाइपाला घासते, त्याची किंमत

पाणी पाइपातून जाताना भिंतीला घासते. त्या घर्षणावर मात करायला पंपाला जास्त जोर लावावा लागतो. हा जोर आपण उंचीच्या भाषेत मोजतो. घर्षण १४ मीटर आहे असे म्हटले, की त्याचा अर्थ शेत जणू आणखी १४ मीटर उंच असते तर जेवढी वीज लागली असती तेवढी जादा वीज जाते. शेत उंच झाले नाही, वीज मात्र गेली.

इथे ध्यानात ठेवायची गोष्ट अशी, की पाइप थोडा रुंद केला तर घर्षण थोडे नव्हे, पुष्कळ कमी होते. रुंदी दुप्पट केली तर तेवढ्याच पाण्याचे घर्षण सुमारे तिसाव्या हिश्श्यावर येते. ९० वरून ११० वर गेलो तरी ते जवळजवळ एक-तृतीयांशावर येते.

आपल्या उदाहरणातल्या सेकंदाला १० लिटर पाण्यासाठी आणि १,००० मीटर लाइनीसाठी सहा केजीच्या पीव्हीसी पाइपाचा हिशेब खाली दिला आहे. दुकानात सांगतात ते माप बाहेरचे असते. आतले पोकळ माप त्याहून कमी भरते. ११० चा सहा केजी पाइप आतून १०२-१०३ मिलिमीटरच असतो. घर्षण आतल्या मापावर काढले आहे. पंपाची कार्यक्षमता ६२ टक्के आणि पंप व मोटार मिळून ५० टक्के धरली आहे.

| पाइप (मि.मी.) | घर्षण (मीटर) | एकूण उपसा (मीटर) | लागणारी मोटार | वर्षाची वीज (युनिट) |
|---|---|---|---|---|
| ९० | ३६.५ | ६२.५ | १५ एच.पी. | १८,४०० |
| ११० | १३.७ | ३९.७ | १० एच.पी. | ११,७०० |
| १२५ | ७.४ | ३३.४ | ७.५ एच.पी. | ९,८०० |
| १४० | ४.२ | ३०.२ | ७.५ एच.पी. | ८,९०० |
| १६० | २.२ | २८.२ | ७.५ एच.पी. | ८,३०० |

पहिली ओळ नीट पाहा. ९० च्या पाइपात पाणी प्रत्यक्ष उचलायला २४ मीटरचा जोर लागतो आणि नुसते पाइपात घासायला साडेछत्तीस मीटरचा. मधल्या भावाची मोटार निम्म्याहून अधिक जोर पाइप घासण्यातच घालवणार! उलट शेवटची ओळ पाहा. १४० वरून १६० वर गेल्यावर घर्षण फक्त दोन मीटरने कमी झाले. तिथे कमी व्हायला फारसे उरलेच नव्हते.

आता पैशाकडे वळू

विजेचा दर हिशेबासाठी युनिटला ४ रुपये धरू. पाइपचा भाव मीटरला ९० चा १३० रुपये, ११० चा १९०, १२५ चा २५०, १४० चा ३१० आणि १६० चा ४०० धरू. पंपसंच १५ एच.पी.चा ६५ हजार, १० चा ४५ हजार, साडेसातचा ३५ हजार. हे आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत. आपण आपल्या बिलावरचा दर आणि आपल्या दुकानदाराचा भाव घालावा. चर खणण्याचा खर्च सर्व मापांना जवळपास सारखाच येतो, म्हणून तो सोडून दिला आहे.

पहिला खर्च आज होतो आणि बिल दरसाल येते. या दोन वेगळ्या गोष्टी एका तराजूत घालायच्या तर पहिला खर्च कर्ज समजून त्याचा वार्षिक हप्ता काढावा. दहा टक्के व्याजाने वीस वर्षांत कर्ज फेडायचे तर एक लाखाला दरसाल सुमारे ११,७५० रुपये हप्ता बसतो. पैसे घरचे असले तरी हा हप्ता धरावाच, कारण तेच पैसे दुसरीकडे लावले असते तर काही मिळवून देते.

| पाइप | पाइप व पंप (रु.) | वार्षिक हप्ता (रु.) | वार्षिक वीज (रु.) | एकूण दरसाल (रु.) |
|---|---|---|---|---|
| ९० | १,९५,००० | २२,९०० | ७३,६०० | ९६,५०० |
| ११० | २,३५,००० | २७,६०० | ४६,८०० | ७४,४०० |
| १२५ | २,८५,००० | ३३,५०० | ३९,२०० | ७२,७०० |
| १४० | ३,४५,००० | ४०,५०० | ३५,६०० | ७६,१०० |
| १६० | ४,३५,००० | ५१,१०० | ३३,२०० | ८४,३०० |

सर्वांत कमी बेरीज १२५ ची आली. ११० फार मागे नाही. सर्वांत स्वस्त वाटलेला ९० चा पाइप दरसाल २२ ते २४ हजारांनी महाग पडला. धाकट्याचा १६० चा पाइपही बारा हजारांच्या आसपास महाग पडला, पण मधल्याची चूक धाकट्याच्या चुकीच्या दुप्पट आहे. पाइप गरजेपेक्षा बारीक घेणे हे गरजेपेक्षा जाड घेण्याहून अधिक नडते.

एकेक पायरी चढून पाहा

सगळा तक्ता मांडणे नको वाटत असेल तर दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी रीत आहे. एक माप वर जाताना जादा किती द्यावे लागते आणि दरसाल किती वाचते एवढेच पाहा.

९० वरून ११० वर : पाइपला ६० हजार जादा, पण पंप २० हजारांनी स्वस्त. निव्वळ जादा ४० हजार. वीज वाचते दरसाल २६,८०० रुपयांची. दीड वर्षात पैसे वसूल. इथे विचार करायचे काही कारणच नाही.

११० वरून १२५ वर : पाइपला ६० हजार जादा, पंप १० हजारांनी स्वस्त. निव्वळ ५० हजार. वाचते दरसाल ७,६०० रुपये. हप्ता सुमारे ५,९०० रुपयांचा बसतो. बचत हप्त्याहून जास्त, म्हणून पायरी चढावी.

१२५ वरून १४० वर : ६० हजार जादा, पंप तोच. वाचते ३,६०० रुपये. साठ हजारांचे नुसते व्याजच सहा हजार होते! बचत व्याजालाही पुरत नाही. इथे थांबावे.

रीत एका वाक्यात सांगायची तर, जोवर वर्षाची बचत जादा पैशाच्या हप्त्यापेक्षा मोठी आहे तोवर वर चढावे. जिथे ती कमी पडली त्याच्या आधीच्या पायरीवर पाइप घ्यावा.

पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर पडताळ्यासाठी ली यांचा जुना ठोकताळा वापरतात. सेकंदाला जितके लिटर पाणी हवे त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ३१ ते ३९ ने गुणावे; पाइपचे आतले माप मिलिमीटरमध्ये त्या दोन उत्तरांच्या आसपास येते. १० चे वर्गमूळ ३.१६. गुणाकार आला ९८ ते १२३. म्हणजे ११० किंवा १२५ चा पाइप. आपल्या तक्त्याशी जुळले. पण हा नुसता ठोकताळा आहे, त्याला तुमच्या तासांची आणि दराची माहिती नसते.

कशाने उत्तर बदलते आणि कशाने नाही

पुष्कळ सभासद म्हणतात, "आमचं शेत लई उंच आहे, म्हणून पाइप जाड पाहिजे." हे बरोबर नाही. उंची कोणत्याही पाइपला तीच राहते. तिचे बिल सर्व मापांना सारखेच येते, म्हणून मापाच्या निवडीत तिचा संबंध नाही. उंचीने बदलते ती मोटार आणि पाइपचा केजी. लाइनीच्या लांबीचेही तसेच. लांबी दुप्पट झाली तर पाइपची किंमतही दुप्पट आणि घर्षणही दुप्पट. तोल तिथेच राहतो. लांब लाइनीत चुकीची किंमत मात्र मोठी होते, म्हणून तिथे हिशेब अधिक काळजीने करावा.

खरा फरक पडतो तो वर्षातल्या तासांनी. समजा, भावांनी ऊस न लावता रब्बीत हरभरा-गहूच भिजवला आणि मोटार वर्षाला ५०० तासच चालली. मग वीज एक-तृतीयांशावर येते. ९० ची बेरीज होते ४७,४००, ११० ची ४३,२०० आणि १२५ ची ४६,५००. आता १२५ नव्हे, ११० चा पाइप खरा ठरला. म्हणून उसाच्या शेजाऱ्याने घेतला तो पाइप सोयाबीन-हरभऱ्याच्या शेतकऱ्याने डोळे झाकून घेऊ नये, आणि उलटही करू नये. उसाला ठिबक बसवायचे असेल तर तास कमी होतील आणि फिल्टर व नळ्यांसाठी शेवटी जादा दाबही लागेल. तेव्हा हिशेब ठिबकचे आकडे घालून पुन्हा करावा.

दुसरा फरक दराने पडतो. वरच्या हिशेबात वीस वर्षे दर ४ रुपयेच राहील असे धरले आहे. तसे राहण्याची खात्री कोणी देत नाही. दर वर्षाला पाच टक्क्यांनी वाढला तर वीस वर्षांच्या बिलाचे आजचे मोल पहिल्या वर्षाच्या बिलाच्या साडेआठ पट न होता सुमारे बारा पट होते. तरीही या उदाहरणात १२५ च पहिला राहतो, पण ११० मागे पडतो आणि १४० जवळ येतो. म्हणून दोन मापे अगदी बरोबरीत आली तर उसाच्या लाइनीला मोठे माप घेणे शहाणपणाचे.

"आमचं बिल तर माफ आहे!"

इथे कोणी म्हणेल, हा सगळा हिशेब कशाला? मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली एप्रिल २०२४ पासून साडेसात एच.पी.पर्यंतच्या शेतीपंपांना बिल नाही. गोष्ट खरी आहे. पण तिच्यामुळे पाइपच्या मापाचे महत्त्व कमी झालेले नाही, वाढलेच आहे. त्याची कारणे तीन.

पहिले कारण पहिल्या तक्त्यातच आहे. ९० च्या पाइपला १५ ची मोटार लागते आणि ११० ला १० ची. हे दोन्ही पंप साडेसातच्या मर्यादेबाहेर गेले. तेवढेच पाणी, तेवढीच विहीर, तेवढेच शेत. पण १२५ चा पाइप टाकला की साडेसातच्या मोटारीवर काम भागते आणि पंप योजनेत बसतो. या एका पायरीवर वर्षाचे सगळे बिल अवलंबून आहे.

दुसरे कारण असे, की बिल माफ झाले तरी घर्षण माफ होत नाही. समजा तिघांनीही साडेसातचीच मोटार आणि आपापल्या लाइनीला जुळणारा पंप बसवला. ९० च्या लाइनीवर पाणी मिळेल सेकंदाला सुमारे साडेसात लिटर, ११० वर ९.३ आणि १२५ वर १०.४. आठ तासांच्या पाळीत ९० च्या लाइनीतून २ लाख १६ हजार लिटर आले आणि १२५ च्या लाइनीतून जवळजवळ ३ लाख. वीज मोजून आठ तास मिळते. उन्हाळ्यात शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात तेव्हा विहिरीला पाणी असूनही ऊस मार खातो. बारीक पाइपचे बिल मग महावितरण पाठवत नाही, ते वजनकाट्यावर वजा होते. सौर कृषिपंपालाही हेच लागू. तिथे उन्हाचे तास ठरलेले आणि पंपही साडेसातपर्यंतच मिळतो. घर्षणात जोर गेला तर तो भरून काढायला मोठी मोटार घेण्याची सोय नाही.

तिसरे कारण मुदतीचे. ही योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे. नीट गाडलेली पीव्हीसी लाइन वीस वर्षे सहज टिकते. पाच वर्षांच्या सवलतीवर वीस वर्षांचा पाइप ठरवू नये.

बारीक पाइप आणखी कुठे नडतो

९० च्या पाइपातून सेकंदाला १० लिटर नेताना पाण्याचा वेग सेकंदाला १.८ मीटर होतो. १२५ च्या पाइपात तो एक मीटरच्याही आत राहतो. चालू लाइनीत वीज अचानक गेली की एक किलोमीटर लांबीचे धावते पाणी थबकते आणि मागे फिरते. चेकवॉल्व्ह आपटतो, लाइनीला दणका बसतो. हा दणका वेगाच्या प्रमाणात असतो. वेग दुप्पट, तर दणका दुप्पट. शिवाय ९० च्या लाइनीत पंपाशेजारी चालू दाबच पाच केजीच्या वर असतो. त्यावर दणका बसला की सहा केजीचा पाइप टिकेलच असे नाही, म्हणजे आठ केजीचा घ्यावा लागतो. मग मधल्या भावाने वाचवलेल्या साठ हजारांतलेही काही गेले. लाइन वारंवार पंपाजवळच फुटत असेल, आणि तीही वीज गेल्याच्या वेळी, तर दोष सोल्युशनला देण्याआधी वेग तपासावा.

आपली जुनी लाइन कशी तपासावी

ज्यांची लाइन आधीच गाडलेली आहे त्यांनी दोन मापे घ्यावीत. पहिले पाण्याचे. शेताच्या टोकाला दोनशे लिटरचे पिंप धरावे आणि किती सेकंदांत भरते ते पाहावे. वीस सेकंदांत भरले तर सेकंदाला १० लिटर, पंचवीस सेकंद लागले तर ८ लिटर.

दुसरे माप दाबाचे. विहिरीच्या तोंडाशी, चेकवॉल्व्हच्या पुढे लाइनीवर दाबमापक घड्याळ बसवावे. मोटार चालू असताना काटा पाहावा. मग मोटार बंद करून, लाइन पाण्याने भरलेली असतानाच पुन्हा पाहावा. बंद असतानाचा दाब हा फक्त चढाचा; चालू असतानाचा दाब चढ अधिक घर्षण. दोहोंतला फरक म्हणजे तुमचे घर्षण. एक केजी म्हणजे दहा मीटर. आपल्या उदाहरणात बंद असताना १.४ केजी दिसेल. चालू असताना ११० च्या लाइनीत सुमारे २.८ आणि ९० च्या लाइनीत सुमारे ५.१ दिसेल. मोटार बंद केल्यावर काटा हळूहळू खाली येत राहिला तर चेकवॉल्व्ह किंवा लाइन गळते आहे. ती दुरुस्ती आधी करावी. घर्षण तक्त्याच्या मानाने फारच जास्त आले तर लाइनीत कुठे गाळ बसला आहे, अर्धवट उघडा व्हॉल्व्ह आहे, किंवा उंचवट्यावर हवा अडकली आहे असे समजावे. उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह नसेल तर तिथूनच शोध सुरू करावा.

घर्षण खरोखर जास्त निघाले तरी जुनी लाइन उखडायचे कारण नाही. तिच्या शेजारी तेवढ्याच मापाची दुसरी लाइन टाकून दोन्ही टोके जोडावीत. पाणी दोन्हींत निम्मे-निम्मे वाटले जाते आणि ९० च्या लाइनीचे साडेछत्तीस मीटर घर्षण दहा मीटरवर येते. आपल्या दराने वर्षाची वीज ७३,६०० रुपयांवरून सुमारे ४२,५०० रुपयांवर उतरते. दुसऱ्या लाइनीचे १ लाख ३० हजार आणि चर खणण्याची मजुरी धरली तरी पाच वर्षांच्या आसपास पैसे वसूल होतात.

यात एक धोका आहे. जुना १५ चा पंप तसाच ठेवून लाइन मोकळी केली तर पंप जादा पाणी फेकू लागतो आणि मोटार जादा करंट ओढते. वीज वाचायची बाजूला राहते आणि मोटारच जळते. म्हणून लाइन बदलली की पंपही नव्या उपशाप्रमाणे घ्यावा. इथे तो १० एच.पी.चा लागेल.

दुकानात जाण्यापूर्वी

वहीच्या एका पानावर पाच आकडे लिहून न्यावेत : सेकंदाला किती लिटर पाणी हवे, उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून शेताच्या माथ्यापर्यंत उंची किती, लाइनीची लांबी किती, वर्षात मोटार किती तास चालणार, आणि बिलावर युनिटचा दर काय. बिल माफ असले तरी दर लिहावा. दुकानदाराकडून लागोपाठच्या तीन मापांचे भाव आणि प्रत्येक मापाला लागणारा पंप लिहून घ्यावा, आणि घरी येऊन एकेक पायरी चढून पाहावी.

आपल्या तीन भावांपैकी कोणीच १२५ चे नाव घेतले नव्हते. थोरले गावाकडे पाहून बोलले, मधले खिशाकडे पाहून आणि धाकटा चराकडे पाहून. वर्षाचे तास कोणी मोजलेच नव्हते.